डिझाइनरचं काम मोजायचं कशात?

टॉवेल किती विणले ते संध्याकाळी मोजता येतं. पण लग्नपत्रिका आणि लेबलं करणारा डिझाइनर, हिशेब बघणारी अकाउंटंट, यांचं काम डोक्यातलं असतं. तिथे आपण सोपं दिसेल ते मोजायला लागतो, म्हणजे दिवसाला किती नग. व्हिडिओत या मुद्द्याला वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

असं मोजलं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. यूजीसीने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या जर्नलमध्ये पेपर छापला तर १५ गुण, आयएसएसएन असलेल्या इतर मान्य जर्नलमध्ये छापला तर १०. संशोधन चांगलं आहे का हे बघायला जाणकार माणूस लागतो, पेपर मोजायला कारकूनही पुरतो. शिवाय आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. मग काय, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं. पुढे यूजीसीने मान्य जर्नलांची यादी केली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नलं तपासली, तर सुमारे ८८ टक्के निकषात बसेनात. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४३०५ नावं यादीतून काढून टाकली. सगळे प्राध्यापक लबाड होते असं मुळीच नाही. ज्याला गुण होते ते वाढलं, एवढंच.

आता हेच आपल्या गल्लीत आणा. समजा तुमचं पत्रिका छपाईचं दुकान आहे, एक डिझाइनर आणि काउंटरवर एक माणूस. तुम्ही ठरवलं, दिवसाला पाच डिझाइन. आठवडाभरात दिसेल की जुनी फाइल उघडून नावं बदललेल्या पत्रिका वाढल्या. आपल्या सोलापुरात तेलुगू आणि कन्नड पत्रिकाही येतात. त्यांचं जुळणी-वाचन वेळखाऊ असतं, म्हणून ती कामं मागे पडायला लागतात.

मग ठरवलं, दुरुस्तीच्या फेऱ्या कमी पाहिजेत. हे बरं वाटतं, पण आता डिझाइनर गिऱ्हाइकाला म्हणणार, "राहू द्या ना काका, असंच छान दिसतंय." फेऱ्या कमी होतील आणि गिऱ्हाईकही.

म्हणून फेरी मोजा, पण कारणासकट. ऑर्डर घेताना भरलेली चिठ्ठी हा पुरावा. मजकूर चिठ्ठीत बरोबर होता आणि प्रूफमध्ये चुकला, तर चूक डिझाइनची. चिठ्ठीतच नव्हता, तर ऑर्डर घेण्याची. चिठ्ठीतलं सगळं उतरलं, तरी गिऱ्हाइकाने रंग किंवा मजकूर बदलून मागितला, तर तो त्याचा बदल. ही नोंद डिझाइनरने करायची नाही आणि काउंटरवाल्यानेही नाही, कारण दोघांचंही त्यात काहीतरी अडकलेलं असतं. संध्याकाळी चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपवरची दुरुस्ती शेजारी ठेवून मालकाने करायची. दहा मिनिटांचं काम आहे.

समजा महिन्यात ६० कामं आणि ८४ फेऱ्या झाल्या. नुसता आकडा बघितला तर डिझाइनरवर राग येईल. कारणं लावली तर गिऱ्हाइकाचे बदल ५१, अपुरी चिठ्ठी २१, डिझाइनची चूक १२. म्हणजे पहिला उपाय डिझाइनरकडे नाहीच, चिठ्ठीत आहे: मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची नावं हे गिऱ्हाइकाच्याच हाताने लिहून घ्या.

याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवा, पहिलं प्रूफ ठरल्या दिवशी गेलं का. चूक टाळायच्या नादात काम रेंगाळलं तर हा आकडा सांगेल, घाई झाली तर पहिला सांगेल. वायद्याचा दिवस मात्र काम बघून ठरवा. तेलुगू पत्रिकेला एक दिवस जास्त द्या, नाहीतर ती परत मागेच पडणार.

आपल्या चुकीने पुन्हा छापावं लागलं तर त्याची नोंद ठेवाच, कारण कागद-शाईचा खर्च खरा असतो. पण महिन्याला एकदा होणारं या महिन्यात तीनदा झालं, यावरून माणूस बिघडला असं ठरवू नका. इतक्या लहान आकड्यात योगायोगही असतो, आणि लग्नसराईत कामंही जास्त असतात. निदान पूर्ण सीझन जाऊ द्या.

डिझाइन देखणं आहे का, हे यातला कुठलाच आकडा सांगत नाही. त्यासाठी महिन्याला पावती नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून पाच कामं काढा आणि डिझाइनरसोबत बसून बघा. निवड त्याच्यावर सोडलीत तर तो चांगलीच पाच काढणार. तुम्ही रागात निवडलीत तर वाईट पाच निघणार.

पगार किंवा बोनस या आकड्यांना लगेच जोडू नका. जोडलात की पुढच्या महिन्यापासून "ही चूक माझी नाही" यावर वाद सुरू होतील, आणि आपण चूक कुठे होते ते शोधायला बसलो होतो.