पोस्ट मोबाइलवर, खरेदी दुकानात: मधला दुवा कसा सापडतो

काही वर्षांपूर्वी रँडल लुईस आणि डेव्हिड रायली या दोन अर्थतज्ज्ञांनी याहूवर एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीचे सोळा लाख ग्राहक त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना त्या साखळीची जाहिरात दाखवली, काहींना दाखवली नाही. मग दोन्ही गटांनी प्रत्यक्ष किती खरेदी केली ते ताडून पाहिले. जाहिरातीमुळे खरेदी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली होती. या वाढीतली ९३ टक्के खरेदी इंटरनेटवर झालीच नव्हती, ती दुकानात जाऊन झाली होती. आणि वाढीचा ७८ टक्के भाग अशा लोकांचा होता, ज्यांनी त्या जाहिरातीवर एकदाही क्लिक केले नव्हते.

हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. इन्स्टाग्रामवर रील टाकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने तो ध्यानात ठेवावा असा आहे. लाइक आणि क्लिक मोजले म्हणजे गल्ल्यात काय पडले ते कळते, ही समजूत त्यातून मोडीत निघते. गिऱ्हाईक मोबाइलवर साडी पाहते, काही न दाबता पुढे सरकते आणि चार दिवसांनी दुकानाची पायरी चढते. मोबाइलच्या हिशेबात त्याची कुठेच नोंद होत नाही. दुकानाच्या हिशेबात नोंद होते, पण ते कशामुळे आले हे तिथे लिहिलेले नसते.

याहूसारखा प्रयोग लहान दुकानाला झेपणारा नाही. त्याच्या हाताशी दोन साधी साधने आहेत. एक म्हणजे प्रत्येक पोस्टला वेगळा कूपन कोड आणि दुसरे म्हणजे प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक.

यातले पहिले साधन इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे. अमेरिकेत टपालाने माल विकणारे व्यापारी वर्तमानपत्रांत जाहिराती देत, तेव्हा प्रत्येक जाहिरातीतल्या पत्त्यात किंवा कूपनवर वेगळी खूण टाकत. एका मासिकात ‘विभाग अ’, तर दुसऱ्यात ‘विभाग ब’. असे विभाग कार्यालयात नसतच. पाकिटावर काय लिहिले आहे ते पाहून कोणत्या मासिकाने किती गिऱ्हाइके आणली ते कळत असे. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने १९२३ च्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात सगळा भर याच मोजणीवर दिला. आजचा कूपन कोड म्हणजे तीच खूण, फक्त ती पाकिटावर नसून गिऱ्हाइकाच्या तोंडी असते.

म्हणूनच कोड तोंडाने सांगता येईल असा हवा. ‘DWL25X0’ हा कोड संगणकाला चालतो. काउंटरवरच्या गर्दीत मात्र त्यातला शेवटचा शून्य आहे की इंग्रजी ओ, यावरच दोन मिनिटे जातात. त्यापेक्षा साडीच्या दुकानाने एका पोस्टला ‘मोर’, दुसरीला ‘काठ’ आणि व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला ‘पदर’ असे शब्द दिले, तर गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतात आणि बिल करणाऱ्यालाही ओळखता येतात. सवलत मात्र तिन्ही कोडना अगदी सारखी हवी आणि मुदतही सारखी हवी. ‘मोर’ला दोनशे रुपये आणि ‘काठ’ला शंभर रुपये सूट ठेवली, तर लोक पोस्टमुळे आले की जास्तीच्या शंभर रुपयांमुळे, हे सांगता येणार नाही.

लिंकचे काम वेगळे आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये उर्चिन नावाची कंपनी होती. वेबसाइटवर कोण कुठून आले हे ती मोजत असे. २००५ साली गूगलने ती विकत घेतली आणि त्यातूनच गूगल ॲनॅलिटिक्स उभे राहिले. लिंकच्या शेपटीला जोडायच्या खुणांची नावे आजही `utm_` ने सुरू होतात, त्यातला ‘यू’ उर्चिनचा आहे. दुकानाची वेबसाइट असेल तर एका पोस्टची लिंक अशी दिसेल:

```
https://example.com/sadi?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=diwali&utm_content=kath
```

इथे सर्वांत कामाचा तुकडा शेवटचा, कारण पोस्ट कोणती हे तोच सांगतो. एक काळजी घ्यावी लागते. `Instagram` आणि `instagram` या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात, म्हणून सगळे लहान लिपीतच लिहायचे असा नियम पहिल्या दिवशीच ठरवलेला बरा. ज्यांची वेबसाइट नाही, त्यांनी थेट व्हॉट्सॲप उघडणारी लिंक द्यावी आणि तिच्यात निरोप आधीच भरून ठेवावा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=kath
```

ती दाबली की दुकानाच्या नंबरवर पाठवण्यासाठी ‘kath’ हा शब्द तयारच असतो. विचारणा कोणत्या पोस्टवरून आली ते पहिल्याच शब्दात कळते. इन्स्टाग्रामवर मात्र एक अडचण आहे. पोस्टखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक तिथे दाबता येत नाही. ‘लिंक बायोमध्ये’ असे लिहून सगळ्या पोस्ट एकाच लिंककडे वळवल्या, तर पोस्टनिहाय ओळख तिथेच संपते. स्टोरीवर लिंकचे स्टिकर लावता येते, तिथे वेगळी लिंक द्यावी. रील आणि फोटोंसाठी तोंडी कोडवरच भिस्त ठेवावी.

आता एक आकडेमोड पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण पेच खरा आहे. समजा, कराडमधल्या एका साडीच्या दुकानाने दिवाळीच्या तोंडावर एकाच आठवड्यात दोन पोस्ट टाकल्या. एक पैठणी नेसवतानाची रील, कोड ‘मोर’. दुसरी किमतींसह सहा साड्यांचे फोटो, कोड ‘काठ’. दोन हजारांच्या वरच्या खरेदीवर दोन्हींना शंभर रुपये सूट. रील चाळीस हजार वेळा पाहिली गेली, फोटो तीन हजार वेळा. आठवडाअखेर ‘मोर’ची बिले निघाली ९ आणि ‘काठ’ची २१.

रील इतकी गाजूनही बिले कमी का? कारण रील अनोळखी लोकांपर्यंत पसरते. नागपूरच्या, ठाण्याच्या, बडोद्याच्या प्रेक्षकांनी ती आवडीने पाहिली, पण साडी घ्यायला ते कराडला येणार नाहीत. किमतीचे फोटो मुख्यतः पेजला आधीपासून जोडलेल्या, म्हणजे आसपासच्या लोकांनी पाहिले. प्रेक्षकसंख्येवरून पोस्टची लायकी ठरवणाऱ्या दुकानदाराने इथे उलटाच निर्णय घेतला असता.

पण २१ आणि ९ वर थांबणेही चूकच. बिलावरचा मोबाइल नंबर जुन्या वहीशी ताडून पाहिला, तेव्हा ‘काठ’च्या २१ पैकी १३ जण जुनेच गिऱ्हाईक निघाले. दिवाळीला ते तसेही आले असते. ‘मोर’च्या ९ पैकी ७ नवे होते. सरासरी बिल तीन हजारांचे आणि त्यात नफा पाव हिस्सा, म्हणजे साडेसातशे, असे धरू. सगळी बिले पोस्टमुळेच झाली असे मानले तर ‘काठ’चा नफा १५,७५० रुपये, सुटीचे २,१०० वजा जाता १३,६५० उरतात. ‘मोर’चे तसेच ५,८५०. आता कडक हिशेब करू: नफा फक्त नव्या गिऱ्हाइकांचा धरायचा, पण सूट सगळ्यांना दिलेली वजा करायची. मग ‘काठ’चे ३,९०० उरतात आणि ‘मोर’चे ४,३५०. क्रम उलटला. अर्थात या दोन आकड्यांतला साडेचारशेचा फरक एका बिलाच्या नफ्यापेक्षाही कमी आहे. एक गिऱ्हाईक इकडचे तिकडे झाले तरी तो पुसला जाईल. त्यावरून ‘मोर’ श्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल. रील नवे लोक आणते आणि फोटो जुन्यांना हलवतो, एवढेच म्हणता येते, आणि तेवढेही बरेच आहे.

मोबाइल नंबर मात्र गिऱ्हाइकाच्या खुशीने घ्यावा. नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही, असे दुकानांनी म्हणू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ साली दिली आहे. जो देणार नाही, त्याला ‘आधी आला होतात का?’ एवढे विचारले तरी भागते.

पोस्ट पाहून आलेले पण कोड न सांगणारे गिऱ्हाईक हा या मोजणीतला सर्वांत मोठा खड्डा. कोणी विसरते, कोणाला शंभर रुपयांसाठी कोड सांगण्याचा संकोच वाटतो. तो खड्डा किती खोल आहे हे मोजण्याचा उपाय जुनाच आहे: एक आठवडा प्रत्येकाला विचारणे. कराडच्या या दुकानात आठवड्यात १९० बिले झाली. त्यातली ३० कोडची. उरलेल्या १६० जणांना बिल करताना ‘आमची पोस्ट पाहिली होती का?’ असे विचारले, तेव्हा २४ जण हो म्हणाले. म्हणजे कोड सांगणाऱ्या पाचांमागे न सांगणारे चार. हे प्रमाण पुढचे दोन-तीन महिने वापरता येते. मग पुन्हा एक आठवडा विचारून ते तपासावे.

दुसरा बिघाड काउंटरवरच होतो. गिऱ्हाईक घासाघीस करते, बिल करणारा मुलगा वाद मिटवायला स्वतःच ‘काठ’ टाकून शंभर रुपये कमी करतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण आकडा खोटा होतो. हे ओळखता येते. एकाच माणसाच्या हातची बहुतेक बिले कोडची निघाली, किंवा पोस्ट टाकण्याच्या आधीच्या तासातही तो कोड दिसला, तर कोड गिऱ्हाइकाकडून आलेला नाही. स्टोरी चोवीस तासांनी नाहीशी होते. तिचा कोड पाचव्या दिवशी जोरात चालू असेल, तर तो कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे असे समजावे. विक्रीसाठी ते वाईट नाही, पण ती विक्री स्टोरीच्या खात्यात मांडता येत नाही. घासाघिशीच्या सुटीसाठी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना ठेवला की निम्मा घोटाळा मिटतो. सूट बिलावर दाखवणे करासाठीही आवश्यक आहे. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात नोंदलेली सूट वजा करूनच जीएसटीचे करपात्र मूल्य ठरते. तोंडी दिलेली सूट त्यात धरली जात नाही.

लिंकच्या आकड्यांतही फुगवटा असतो. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा लिंक उघडली की मोजतात. पण व्हॉट्सॲपसारखी ॲप चित्रासह झलक दाखवण्यासाठी लिंक स्वतःच उघडून पाहतात आणि काही सेवांच्या मोजणीत ती भेटही धरली जाते. म्हणून टॅप किती, यापेक्षा ‘kath’ लिहून किती जणांनी खरोखर निरोप पाठवला आणि त्यातले किती दुकानात पोहोचले, हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. निरोप पुष्कळ आणि बिले तुरळक असतील, तर दोष बहुधा पोस्टचा नसतो. उत्तर उशिरा गेले असेल किंवा फोटोतली साडी संपली असेल.

कराडच्या दुकानाने पुढच्या खेपेला दोन गोष्टी कराव्यात. किमतीचे फोटो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका कोडने आणि तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कोडने टाकावेत, म्हणजे फोटोचा परिणाम किती आणि पगार हातात असण्याचा किती, हे निदान अंदाजे वेगळे होईल. आणि मधला एक आठवडा काहीच टाकू नये. त्या आठवड्यात जी बिले होतील, ती पोस्ट नसतानाची विक्री. कोडची बिले त्या आकड्याशी ताडून पाहायची आहेत.