बेन्झोकेनची उलटी वाट

टोल्युइनपासून बेन्झोकेन बनवा, असा प्रश्न आला की विद्यार्थी टोल्युइनकडेच बघत बसतात. बघायचे असते बेन्झोकेनकडे. एलायस कोरी यांना १९९० चे नोबेल मिळाले ते याच उलट्या विचाराला शिस्त लावल्याबद्दल. बेन्झोकेनमधला एस्टर तोडला की इथेनॉल आणि अमिनो गट असलेले आम्ल उरते. अमिनो गट नायट्रोपासून मिळतो, आम्लगट मिथाइलपासून.

खरी मेख क्रमात आहे. मिथाइल नायट्रोला समोरच्या, पॅरा जागी पाठवतो. बराचसा शेजारीही जातो, तो वेगळा काढावा लागतो. मिथाइलचे आधीच आम्ल केले, तर नायट्रो मुख्यतः मेटा जागी बसतो आणि भलताच रेणू हाती येतो. अमिनो गटही घाईने आणू नये, परमँगनेट त्यालाही सोडत नाही.

म्हणून आधी नायट्रेशन, मग ऑक्सिडीकरण, मग क्षपण आणि शेवटी इथेनॉलशी एस्टर.