हसरा चेहरा कुठे चिकटवावा?

कामाचा पत्रव्यवहार : भाग ६

एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापायला दिला आहे. वार्षिक सभा तोंडावर आली आहे, आठशे प्रती शुक्रवारी हव्यात आणि बुधवारी छपाईयंत्र बिघडतं. छापखान्यात गिऱ्हाइकांशी बोलणारा तरुण पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना मेल लिहायला बसतो. उदाहरण कल्पित आहे, पण असे मेल रोज जातात :

‘विषय : अहवालाबाबत थोडंसं!!
नमस्कार सर! अहवालाचं काम जरा लांबलंय 😅 आमच्या मशीनने ऐन वेळी रजा टाकली! पण टेन्शन नको, सोमवारी नक्की देतो!! 🙏’

मुलाचा हेतू वाईट नाही. वाईट बातमी देताना त्याला अवघडल्यासारखं झालं आणि तो अवघडलेपणा त्याने घाम फुटलेल्या हसऱ्या चेहऱ्यावर टाकला. समोर बसून बोलला असता तर त्याचा ओशाळलेला चेहरा व्यवस्थापकांना दिसला असता. मेलमध्ये दिसतं ते फक्त हसू. सभासदांना अहवाल वेळेत पोचला नाही तर बोलणी व्यवस्थापकांना खावी लागणार आहेत, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला तो हसतोय.

दुसरी गोष्ट, हा मेल व्यवस्थापकांपाशी थांबणार नाही. ते तो अध्यक्षांना पुढे पाठवतील, ‘छापखान्याचं असं उत्तर आलं आहे’ एवढी एक ओळ वर लिहून. पतसंस्थेत मेलचा कागद काढून फाइलला लावण्याची पद्धत अजून आहे. काळ्यापांढऱ्या छपाईत त्या चेहऱ्यावरचा घाम दिसत नाही, दात तेवढे दिसतात. आउटलुकच्या काही आवृत्त्यांची गंमत तर वेगळीच होती. कुणी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाइप करून हसरा चेहरा काढला, की आउटलुक त्याजागी ‘विंगडिंग्ज’ या फाँटमधलं चित्र बसवायचं. वाचणाऱ्याकडे तो फाँट लागला नाही की चित्राच्या जागी नुसतं इंग्रजी J अक्षर उमटायचं. वाक्याच्या शेवटी हे J कशाला, म्हणून कित्येकांनी डोकं खाजवलं असेल.

म्हणून मेल लिहिताना मी आधी विचारतो : ज्याला लिहिलंय त्याच्या वरच्या माणसाने हा वाचला तर? तिथे जे चालणार नाही ते इथेही नको.

पहिल्याच ओळखीच्या मेलमध्ये तर इमोजी टाळावाच. २०१७ साली इस्रायल आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसाकडून आलेल्या औपचारिक मेलमध्ये हसरा चेहरा असला, तर लिहिणारा अधिक आपुलकीचा वाटत नाही, उलट कामात कच्चा वाटतो, असं त्यांना दिसलं. छायाचित्रातल्या खऱ्या हसऱ्या चेहऱ्याने मात्र आपुलकी वाढली होती. अनौपचारिक मजकुरात हा तोटा दिसला नाही. म्हणजे प्रश्न चित्राचा कमी आणि ओळख कुठवर आली आहे याचा जास्त. व्यवस्थापकांनीच कधी ‘मुखपृष्ठ छान झालंय 😊’ असं लिहिलं, तर उत्तरात एक हसरा चेहरा जायला हरकत नाही. पायरी त्यांनी उतरायची, आपण नाही. साहेबांच्या बाबतीतही हेच. ते व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवतात म्हणून मेलमध्येही आपण अंगठा दाखवावा असं नाही. मेलला ते दप्तर समजतात, व्हॉट्सअॅपला गप्पा.

आता उद्गारचिन्ह. वरच्या मेलमध्ये ती सहा आहेत. तरुण मंडळी ती का पेरतात हे समजण्यासारखं आहे. इंग्रजीत ‘थँक्स’नंतर पूर्णविराम दिला की हल्ली तुटक वाटतं, म्हणून उद्गारचिन्हाने ते मऊ करायची सवय लागली आणि तीच मराठीत आली. मराठीला तिची गरज कमी आहे, कारण आपल्याकडे आर्जव क्रियापदातच असतं. ‘आज कळवा’, ‘आज कळवाल का?’ आणि ‘आज कळवावं, ही विनंती’ यांतलं अंतर कुठल्याही चिन्हाशिवाय ऐकू येतं. उलट ‘बिल आजच मंजूर करावं!’ यातलं चिन्ह विनंतीचा हुकूम करतं. शाळेत आपण ते ‘अरेरे’, ‘शाब्बास’ यांच्यापुढे द्यायला शिकलो. कामाच्या मेलमध्येही ते समोरच्याच्या आनंदापुढे शोभतं : ‘शाखेच्या उद्घाटनाबद्दल अभिनंदन!’ आपल्या आश्वासनापुढे ते उलटं काम करतं. ‘सोमवारी नक्की देतो!!’ वाचणाऱ्याच्या मनात येतं, एवढं ओरडून का सांगतोय? तिथे दोन चिन्हांऐवजी वेळ लिहिली तर विश्वास बसतो.

विनोद या तिघांत सगळ्यात अवघड. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच सूर वाजत असतो आणि तो वाचणाऱ्यालाही ऐकू जाईल असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे तपासलं. आपला उपरोध मेलवाचकाला ओळखता येईल असं लिहिणाऱ्यांना सुमारे ७८ टक्के वेळा वाटलं; प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. नाणं उडवून ५० टक्के मिळालेच असते. त्यामुळे गिऱ्हाइकाला किंवा साहेबांना उपरोधिक लिहूच नये, हे माझं ठाम मत. साधा हलका विनोद मात्र चालतो. ज्याच्यात कुणाचं काही अडलेलं नाही आणि जो काढून टाकला तरी मेल पुरा राहतो, असा. ‘बैठक चार वाजता आहे. चहा आमच्याकडून, भजी पावसावर अवलंबून.’ हे ओळखीच्या माणसाला खुशाल लिहावं. यंत्राने रजा टाकल्याचा विनोद इथे बसत नाही, कारण त्या रजेचा भुर्दंड वाचणाऱ्याला पडला आहे. पैसा, उशीर, चूक आणि कुणाचं पद, या चार विषयांवर मेलमध्ये कोटी करू नये.

तर तो मेल असा हवा होता :

‘विषय : वार्षिक अहवाल – ५०० प्रती आज, ३०० सोमवारी
नमस्कार साहेब,
अहवालाच्या ८०० पैकी ५०० प्रती तयार आहेत. त्या आज संध्याकाळी ५ पर्यंत आपल्याकडे पोचवतो. छपाईयंत्र बिघडल्यामुळे उरलेल्या ३०० प्रती शुक्रवारऐवजी सोमवारी दुपारी ४ पर्यंत मिळतील. पोस्टाने पाठवायच्या प्रती आपण आजच्या गठ्ठ्यातून घेऊ शकाल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

हा कोरडा वाटतो का? मला नाही वाटत. पोस्टाच्या प्रतींचा विचार लिहिणाऱ्याने आधीच केला आहे, यातच आपुलकी आली. शिवाय अध्यक्षांना पुढे पाठवताना व्यवस्थापकांना वर काही लिहावं लागणार नाही.

सोमवारी प्रती पोचल्यावर व्यवस्थापकांनी ‘मिळाल्या, धन्यवाद!’ असं लिहिलं, तर उत्तरात सभेला शुभेच्छा द्याव्यात आणि तिथे एक उद्गारचिन्ह खुशाल टाकावं.

पुढच्या आठवड्यात : थकलेल्या बिलाची आठवण करून देणारा मेल. असा मेल लिहून पैसे मिळाले असतील किंवा गिऱ्हाईक तुटलं असेल, तर नावं गाळून त्याचा मजकूर आम्हाला जरूर पाठवा.