एकच तारीख, दोन ब्राउझर

```
2024-03-15 10:30:00
```

ही ओळ वाचताना कोणालाही अडखळायला होणार नाही. १५ मार्च २०२४, सकाळचे साडेदहा. पण हीच ओळ एखाद्या संकेतस्थळाने वाचली की लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये अपॉइंटमेंटची वेळ नीट उमटते, आणि तेच पान आयफोनच्या सफारीच्या जुन्या आवृत्तीत उघडलं की तारखेच्या जागी `Invalid Date` असे दोन इंग्रजी शब्द येतात. सर्व्हर तोच, माहिती तीच, प्रोग्रामही अक्षर न अक्षर तोच. मग फरक पडला कुठे?

तारखेचं गणित करण्यासाठी ब्राउझर ती एका आकड्याच्या रूपात साठवतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती मिलिसेकंद लोटले तो हा आकडा. वरची वेळ भारतातली धरली, तर प्रमाणवेळेनुसार तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि आकडा होतो 1710478800000. आकडा हाती असला की पुढचं सगळं सरळ आहे: वार काढा, दोन तारखांमधले दिवस मोजा, क्रम लावा. अवघड आहे ते अक्षरांवरून या आकड्यापर्यंत पोहोचणं. `new Date("2024-03-15 10:30:00")` असं लिहिलं की ब्राउझर नेमकं हेच काम करायला घेतो. ते जमलं नाही तर तो तक्रार करून थांबत नाही. तो तारखेची एक पोकळ वस्तू हातात देतो, जिच्या आत आकड्याऐवजी `NaN`, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी खूण असते. पडद्यावर तीच `Invalid Date` म्हणून दिसते.

क्रोमला जमलं ते सफारीला का जमलं नाही, हे समजायला १९९५ मध्ये जावं लागतं. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट अतिशय घाईत तयार केली, आणि तारखेचा भाग त्या वेळच्या जावा भाषेतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला गेला. अक्षरांमधून तारीख ओळखण्याची जावाची ती सोय अंदाजावर चालणारी होती. जावाच्या कर्त्यांनी १९९७ मध्येच ‘ही वापरू नका’ असं जाहीर करून ती बाजूला सारली. जावास्क्रिप्टला तसं करता आलं नाही, कारण तोवर जगभरातली पानं तिच्यावर उभी राहिली होती. त्याच वर्षी भाषेचं पहिलं प्रमाणपत्रक निघालं. त्यात ब्राउझरने स्वतः छापलेली तारीख त्याला स्वतःला परत वाचता यावी, एवढीच काय ती अपेक्षा होती. बाकी कोणती रूपं स्वीकारायची हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं.

नेमका नियम आला डिसेंबर २००९ मध्ये, भाषेच्या पाचव्या आवृत्तीत. आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून होतंच. त्याचं एक सोपं केलेलं रूप भाषेने घेतलं. आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस, त्यानंतर मोठा `T`, मग वेळ आणि शेवटी प्रमाणवेळेपासूनचं अंतर:

```
2024-03-15T10:30:00+05:30
```

हे रूप प्रत्येक ब्राउझरला ओळखता आलंच पाहिजे. मात्र त्याच नियमाने एक वाट मोकळी ठेवली: ओळ या साच्यात बसत नसेल, तर ब्राउझरने हवं तर स्वतःच्या पद्धतीने अंदाज करावा. आपल्या ओळीत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये `T` नाही, रिकामी जागा आहे. एवढ्यावरून ती साच्याबाहेर गेली. क्रोमने अंदाज केला, तो बरोबर निघाला. सफारीच्या बऱ्याच आवृत्त्यांनी अंदाज करायचं नाकारलं. नियमाच्या दृष्टीने दोघेही बरोबर आहेत.

ही रिकामी जागा येते कुठून, तर बहुतेक वेळा डेटाबेसमधून. मायएसक्यूएलसारखा सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस तारीख आणि वेळ याच रूपात बाहेर देतो. सर्व्हर ती ओळ जशीच्या तशी पुढे ढकलतो, प्रोग्रामर आपल्या संगणकावर क्रोममध्ये पाहतो, सगळं ठीक दिसतं. तक्रार येते ती आयफोनवाल्या ग्राहकाकडून. ‘क्रोम वापरून पाहा’ असं त्याला सांगितलं तरी उपयोग होत नाही, कारण ॲपलने वर्षानुवर्षं आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला सफारीचंच इंजिन वापरायला लावलं. युरोपीय संघातल्या देशांत २०२४ पासून त्याला अपवाद झाला. फोनवरच्या क्रोमचं नाव आणि चिन्ह क्रोमचं असलं, तरी तारीख वाचणारं यंत्र सफारीचंच असतं.

इथे सफारीला हट्टी ठरवण्याचा मोह होतो. पण क्रोमचा सैलपणा किती आहे ते पाहिलं की मत बदलू लागतं. क्रोमला `new Date("Flat 12")` असं दिलं, तर तो फ्लॅट नंबर बाराची तारीख करून दाखवतो: १ डिसेंबर २००१. आकड्याच्या आधीचा अनोळखी शब्द तो सोडून देतो, १२ हा महिना धरतो, आणि दिवस व वर्ष स्वतःच भरतो. अर्धवट पत्ता असलेलं पाकीटही कुठेतरी पोहोचवणाऱ्या पोस्टमनसारखं हे वागणं आहे; पत्र पोहोचलं म्हणजे पत्ता बरोबर होता असं नाही. आपली ओळ क्रोममध्ये चालली तेव्हाही ती बरोबर ठरली नव्हती. तिची चूक फक्त झाकली गेली होती.

म्हणूनच `Invalid Date` घाईने घालवू पाहणारे उपाय तपासून घ्यावे लागतात. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे रिकाम्या जागी `T` टाकणं. लाल शब्द लगेच जातात. पण आता ओळीत प्रमाणवेळेपासूनचं अंतर नाही, आणि ते नसेल तर वेळ कुठली धरायची याबद्दल भाषेने स्वतःच मत बदललेलं आहे. २००९ च्या नियमानुसार ती जागतिक प्रमाणवेळ धरायची होती. २०१५ च्या आवृत्तीने ती स्थानिक ठरवली. त्यामुळे जुन्या नियमाने चालणाऱ्या ब्राउझरमध्ये भारतातली साडेदहाची अपॉइंटमेंट दुपारी चारची दिसते. आधीची चूक डोळ्यांत भरत होती. ही साडेपाच तासांची चूक पाहणाऱ्याला खरीच वाटते. दुसरा उपाय आडव्या रेघांच्या जागी तिरक्या रेघा टाकण्याचा. तो जवळपास सगळीकडे चालतो, पण तो पुन्हा ब्राउझरच्या अंदाजावरच विसंबतो.

नुसत्या तारखेचा नियम तर आणखी वेगळा आहे. २०१६ च्या आवृत्तीने स्पष्ट केलं की वेळ न लिहिता फक्त `2024-08-15` लिहिलं, तर ती जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र धरायची. भारतात तेव्हा सकाळचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख १५ च राहते, म्हणून पुण्यात बसून तपासणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. तेच पान न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी उघडलं, तर तिथे अजून १४ ऑगस्टची रात्र असते आणि कार्यक्रमाची तारीख एक दिवस आधीची दिसते. गंमत अशी की हीच तारीख शून्य न लावता `2024-8-5` अशा थाटात लिहिली तर ती साच्याबाहेर जाते. क्रोम मग तिला स्थानिक मध्यरात्र मानतो आणि सफारीसारखा कडक ब्राउझर ती नाकारू शकतो. एका शून्याने अर्थच बदलला.

आपल्याकडच्या सवयीने आधी दिवस, मग महिना लिहिला तर काय होतं हेही पाहायला हवं. ५ ऑगस्ट म्हणून `05/08/2024` दिलं, तर ब्राउझर अमेरिकी पद्धतीने वाचतात आणि ८ मे घेतात. १३ तारखेपासून मात्र तेरावा महिना नसल्याने `Invalid Date` येतं. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चूक गुपचूप होत राहते आणि उरलेले दिवस ओरडून सांगते. ‘महिनाअखेरीलाच बिघडतं’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

दुरुस्तीची सुरुवात एका प्रश्नाने होते: ही वेळ म्हणजे जगातला एक नेमका क्षण आहे, की भिंतीवरच्या कॅलेंडरमधला एक चौकोन? ऑनलाइन बैठक हा क्षण आहे. पुण्यात आणि न्यू जर्सीत घड्याळं वेगळी दाखवतील, पण क्षण एकच. अशी वेळ सर्व्हरनेच `T` आणि `+05:30` यांसह पूर्ण लिहून पाठवायची. ब्राउझरला मग अंदाजाला जागाच राहत नाही. जन्मतारीख किंवा गणेश चतुर्थी हा चौकोन आहे. तो कुठल्याही देशातून पाहिला तरी सरकता कामा नये. तिथे ओळ ब्राउझरच्या हवाली न करता स्वतः तोडून आकडे द्यायचे:

```
const [y, m, d] = "2024-08-15".split("-").map(Number);
const dt = new Date(y, m - 1, d);
```

महिन्यातून एक वजा केला आहे, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते: जानेवारी ०, ऑगस्ट ७. हे विसरलं तर तारीख महिनाभर पुढे जाते, आणि तेही बिनबोभाट.

या जुन्या रचनेला पर्याय म्हणून भाषेत आता `Temporal` नावाची नवी सोय येते आहे. फायरफॉक्सने ती २०२५ मध्ये सुरू केली. तिच्यात क्षणासाठी वेगळा प्रकार आहे आणि कॅलेंडरच्या चौकोनासाठी वेगळा, आणि ओळ साच्यात बसली नाही तर ती पोकळ वस्तू न देता तिथेच त्रुटी दाखवून थांबते.

तोवर तपासणीच्या दोन सवयी पुरेशा आहेत. तारीख बिघडली की आधी सर्व्हरकडून आलेली मूळ ओळ जशीच्या तशी छापून पाहायची. रिकामी जागा, गायब शून्य किंवा नसलेलं `+05:30` तिथेच दिसतं. आणि पान एकदा सफारीत, एकदा संगणकाचं घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर लावून उघडायचं. पहिल्या चाचणीत नाकारल्या जाणाऱ्या तारखा सापडतात, दुसरीत स्वीकारल्या जाऊनही चुकलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या तारखा पडद्यावर कसलीच खूण सोडत नाहीत, म्हणून ती चाचणी टाळायची नाही.