भिंतीच्या भिंती, पण विटेच्या विटा

हिंदी भाषक मराठी शिकू लागला की पहिले काही दिवस लिंगाशी झगडण्यात जातात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘पुस्तक घेतलं’ म्हणायला जीभ तयार होत नाही. ते सवयीने जमते. खरी अडचण पुढे येते. ‘दीवारें’, ‘ईंटें’, ‘जीभें’ असा एकच प्रत्यय लावून मोकळा होणारा माणूस मराठीत अडखळतो. आपण एका भिंतीच्या भिंती करतो, पण एका विटेच्या विटा. दोन्ही शब्द अकारांत, दोन्ही स्त्रीलिंगी. शब्दकोशात बहुधा नुसते ‘स्त्री.’ लिहिलेले सापडते आणि तेवढ्यावरून अनेकवचन कळत नाही.

ते कळते एकवचनाच्या सामान्यरूपावरून, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना शब्द जो आकार घेतो त्यावरून. आपण ‘विटेवर’ म्हणतो आणि ‘भिंतीवर’ म्हणतो. जिथे ‘ए’ ऐकू येतो तिथे अनेकवचन ‘आ’ने होते, जिथे ‘ई’ ऐकू येते तिथे ‘ई’ने. समजा, ‘इमारत’ हा शब्द नवा आहे. शेजारी म्हणाला, ‘मी त्या इमारतीत राहतो.’ मग अनेकवचन इमारती. दुसरा म्हणाला, ‘दुकान पेठेत आहे.’ मग पेठा. इंग्रजीतून आलेले शब्दही यात बसले आहेत: बँकेत, म्हणून बँका, फायलीत, म्हणून फायली. ‘बसमध्ये’ म्हणताना शब्द बदलतच नाही, तसेच ‘दोन बस’ म्हणतानाही.

हा भेद जुना आहे. संस्कृत ‘जिह्वा’, ‘स्नुषा’ यांचा शेवटचा ‘आ’ झिजून जीभ, सून झाले, पण अनेकवचनात जिभा, सुना असा तो टिकला. ‘भगिनी’, ‘महिषी’, ‘मुष्टि’ यांचा इकार बहिणी, म्हशी, मुठी यांत राहिला. म्हशीत तर त्या ‘ई’ने आधीच्या ‘स’चाही ‘श’ केला.

ही खूण फक्त अकारांत स्त्रीलिंगी शब्दांना लागू पडते. ‘नदीत’ म्हटले तरी अनेकवचन नद्या, कारण मूळ शब्दच ईकारांत आहे. लिंग चुकले तर खूणही फसते. समुद्रातली बोट स्त्रीलिंगी, म्हणून बोटीत आणि बोटी. हाताचे बोट नपुंसकलिंगी, म्हणून बोटाने आणि बोटे. शिवाय अपवाद आहेत. ‘माझ्या चुकीमुळे’ म्हणतो, पण अनेकवचन ‘चुका’. हा शब्द पाठच करावा लागतो.

मराठी शिकणाऱ्यांनी वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहू नये. ‘ती वीट, विटेवर, विटा’ अशी तिन्ही रूपे एका ओळीत लिहावीत आणि शिकवणाऱ्यांनीही शब्द तसाच सांगावा.