दहापैकी सहा सौदे नफ्यात, तरी खाते रिकामे का?

दिवसांतर्गत सौदे करणाऱ्या अनेकांना पडणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच नोंदवहीत असते. त्यासाठी एका सौद्यामागे सरासरी किती रुपये सुटतात, हे काढावे लागते. बाजाराच्या भाषेत ही 'एक्स्पेक्टन्सी'.

समजा, वहीत ५० सौदे आहेत. ३० नफ्याचे, सरासरी नफा १,००० रुपये. २० तोट्याचे, सरासरी तोटा १,४०० रुपये. १,००० चे ६० टक्के म्हणजे ६०० आणि १,४०० चे ४० टक्के म्हणजे ५६०. सौद्यामागे उरले ४० रुपये. खरेदी आणि विक्रीच्या ऑर्डरला प्रत्येकी २० रुपये दलाली धरली, तर तेही गेले. एसटीटी, जीएसटी वेगळेच. म्हणजे पद्धत तोट्याची. सहा वेळा जिंकल्याचे तेवढे लक्षात राहते.

याउलट, ५० पैकी २०च सौदे जिंकणारा सरासरी २,५०० कमावत आणि १,००० गमावत असेल, तर खर्चापूर्वी त्याला सौद्यामागे ४०० रुपये सुटतात. पण थांबा. त्याच्या ५०,००० रुपयांच्या एकूण नफ्यात एकट्या सौद्याचे २२,००० असतील तर? तो सौदा वगळला की नफा २८,००० आणि तोटा ३०,००० राहतो. मग ही पद्धतीची ताकद की एका दिवसाचे नशीब, हे ५० सौद्यांवरून सांगता येत नाही. नियम न बदलता आणखी शंभर सौदे नोंदवावेत आणि हिशेब खर्च वजा करूनच पुन्हा मांडावा.