एक तारीख, दोन माणसं

जुळ्यांना एकत्र शुभेच्छा लिहिताना ‘तुम्हा दोघांना’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. मजकूर खरा उतरलाय का, हे तपासायला नावांची अदलाबदल करून पाहावी. तरीही तो जुळत असेल, तर तो दोघांपैकी कुणाचाच नाही.

ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू स्टीव्ह आणि मार्क वॉ यांचा जन्म 2 जून 1965 चा. त्यांना लिहायचं तर असं लिहिता येईल: ‘स्टीव्ह, 1999 चा विश्वचषक उंचावणारा कर्णधार तू, संघ अडचणीत असताना खेळपट्टीवर टिच्चून उभा राहायचास. मार्क, पहिल्याच कसोटीत 138 धावा करणारा तू. स्लिपमधले तुझे झेल पाहत राहावेत असे. 2 जून तुम्हा दोघांचा, वाढदिवसाच्या शुभेच्छा!’

इथे नावं बदलली की मजकूर खोटा ठरतो. दोघांच्या वाट्याला साधारण सारखी जागा आली आहे आणि सामाईक वाक्य फक्त तारखेपुरतं आहे. मार्कला ती पहिली कसोटी मिळाली स्टीव्हला वगळल्यावर. हा किस्सा रंजक खरा, पण शुभेच्छांत नको. त्यात एकाचं कौतुक दुसऱ्याच्या उणिवेवर उभं राहतं. ‘तू शांत, तो खोडकर’ या वाक्यातही नेमकं हेच होतं.